ऑर्डरींवर पॅरेटो विश्लेषण: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दुकानाच्या ऑर्डरींवर दर महिन्याला पॅरेटो चालवायला लागून, म्हणजे विक्रीतले पहिले ८० टक्के किती थोड्या वस्तू किंवा ग्राहकांकडून येतात ते पाहायला लागून, आता सात महिने झाले. साधन म्हणजे साधं एक्सेल: एक पिव्हट टेबल, उतरता क्रम आणि शेजारी वाढती टक्केवारी. दुकानाचे आतले आकडे इथे देता येत नाहीत, म्हणून उदाहरणं सगळी एका सार्वजनिक संचातली घेतली आहेत. यूसीआय मशीन लर्निंग रिपॉझिटरीवर Online Retail नावाची फाइल आहे. ब्रिटनमधल्या एका भेटवस्तूंच्या ऑनलाइन दुकानाची १ डिसेंबर २०१० ते ९ डिसेंबर २०११ पर्यंतची बिलं तिच्यात आहेत. ५,४१,९०९ ओळी, आठ रकाने. दुकानाचं नाव नाही, गिऱ्हाइकांना फक्त क्रमांक आहेत, आणि त्यांत घाऊक माल उचलणारे बरेच आहेत. पॅरेटोत जे जे बिघडू शकतं ते जवळपास सगळं या एका फाइलमध्ये सापडतं.

मत आधीच सांगतो. पद्धत उत्तम आहे आणि ठेवण्यासारखी आहे. पण तिचं उत्तर क्रम लावताना ठरत नाही. ते त्याच्या आधी ठरतं, कुठल्या ओळी मोजायच्या आणि कुठल्या नाहीत हे ठरवताना. सात महिन्यांतला बहुतेक वेळ तिथेच गेला.

मूळ काम थोडंसं आहे. या फाइलमध्ये Quantity हा D रकान्यात आणि UnitPrice हा F रकान्यात येतो. रिकाम्या I रकान्यात ओळीची रक्कम काढायची. मग StockCode प्रमाणे पिव्हट करून त्या रकमेची बेरीज घ्यायची, नव्या शीटवर फक्त आकडे चिकटवायचे, उतरत्या क्रमाने लावायचे आणि वाढती बेरीज करायची:

```
मूळ शीट, I2:  =D2*F2
नवी शीट, C2:  =B2
नवी शीट, C3:  =C2+B3
नवी शीट, D2:  =C2/SUMIF(B:B,">0")
```

C3 आणि D2 खाली ओढले की झालं. चिकटवताना पिव्हटची Grand Total ओळ सोबत आली तर उतरत्या क्रमात ती सगळ्यात वर जाऊन बसते आणि पहिलीच टक्केवारी ५०च्या आसपास दिसते. तसं दिसलं की दुसरीकडे शोधू नका, ती ओळ काढा. भागताना फक्त शून्याच्या वरच्या बेरजा घेतल्या आहेत, त्यालाही कारण आहे. काही वस्तूंची निव्वळ बेरीज उणे येते. सरळ SUM ने भागलं तर वाढती टक्केवारी १००च्या वर चढते आणि शेवटी खाली उतरते. मग ८० टक्क्यांची रेषाही थोडी चुकीच्या जागी पडते. आणखी एक गोष्ट: गट StockCode वरच करा, Description वर नाही. 85123A हा लटकवायच्या हृदयाच्या आकाराचा मेणबत्तीचा स्टँड काही ओळींत WHITE म्हणून आहे, तर काहींत CREAM म्हणून. नावावर गट केला की एक वस्तू दोन होते.

एवढं करून पहिल्यांदा चालवलं की पहिल्या क्रमांकावर येतो DOT, सुमारे २ लाख ६ हजार पौंड. ही वस्तूच नाही, हा टपालखर्च आहे. खरा पहिला क्रमांक 22423 या तीन मजली केक स्टँडचा, सुमारे १ लाख ६४ हजार पौंड. म्हणून DOT, POST, C2, M, D, S, B, AMAZONFEE, BANK CHARGES असे कोड आधीच बाजूला काढावे लागतात. टपाल, वाहतूक, हाताने घातलेली रक्कम, सूट, नमुने, बुडीत खात्याची दुरुस्ती असं काय काय त्यांत आहे. आपल्याकडच्या बिलांत हेच भाडं, पॅकिंग, राउंड ऑफ या नावांनी येतं, आणि तिथे रक्कम जीएसटी वगळून घ्यायची हेही विसरू नये. पाच टक्क्यांचा आणि अठरा टक्क्यांचा माल करासकट शेजारी ठेवला तर अठरावाला फुकट वर सरकतो.

आता रद्द झालेली बिलं. सगळ्यात मोठी गफलत इथे होते, आणि नीट काम करणाऱ्यांकडूनच होते. या फाइलमध्ये रद्द बिलाचा क्रमांक C ने सुरू होतो आणि नग उणे असतात. बरेच जण काय करतात, तर C ची सगळी बिलं फिल्टर करून टाकतात, कारण ती ‘खरी विक्री नाही’. वरवर पटतं. पण ९ डिसेंबर २०११ला सकाळी ९ वाजून १५ मिनिटांनी बिल 581483 निघालं: कागदी पक्ष्याची वस्तू, कोड 23843, ८०,९९५ नग, दर २.०८ पौंड. रक्कम १,६८,४६९.६० पौंड. बारा मिनिटांनी, ९ वाजून २७ मिनिटांनी, C581484 ने ते पूर्ण रद्द झालं. फक्त C काढलं तर रद्द करणारं बिल जातं आणि रद्द झालेलं बिल राहतं. मग जी वस्तू दुकानातून बाहेरच पडली नाही ती केक स्टँडच्या लगोलग मागे वर्षभरातली दुसरी वस्तू ठरते, आणि तो ग्राहक पहिल्या पाचांत येतो. असंच १८ जानेवारी २०११चं: बरणीचे ७४,२१५ नग, ७७,१८३.६० पौंड, सोळा मिनिटांत रद्द.

म्हणून उणे ओळी काढायच्या नाहीत, बेरजेत राहू द्यायच्या. पक्ष्याची बेरीज शून्य होते आणि तो आपोआप तळाशी जातो. मग वेगळ्या पिव्हटमध्ये C ची बिलंच घेऊन परताव्याची यादी करा. ज्या वस्तूची विक्री भरपूर पण परतावाही भरपूर, ती निव्वळ बेरजेत मध्यम दिसते, तरी तिच्यामागे गोदामात आणि पॅकिंगला दुप्पट राबावं लागतं. एवढी एक उणीव निव्वळ बेरजेत राहते.

ग्राहकांच्या बाजूचा पॅरेटो जास्त कामाचा निघाला, पण त्यात वेगळा खड्डा आहे. १,३५,०८० ओळींत CustomerID रिकामा आहे. ओळींच्या हिशेबाने हा चौथा हिस्सा. पैशांच्या हिशेबाने मात्र निव्वळ ९७.४८ लाख पौंडांपैकी १४.४८ लाख, म्हणजे १५ टक्क्यांच्या जरा आत. पिव्हटमध्ये हे सगळे (blank) नावाच्या एका ओळीत गोळा होतात आणि तीच दुकानाची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक असल्यासारखी वर बसते. आपल्याकडे टॅलीत ‘कॅश’ खात्यावर फाडलेल्या बिलांचं हेच होतं. ही ओळ काढायची, पण ती किती रकमेची होती हे शीटच्या माथ्यावर लिहून ठेवायचं. ‘ओळख असलेल्या ८३ लाखांपैकी’ आणि ‘एकूण ९७ लाखांपैकी’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि महिन्याभराने शीट उघडल्यावर कुठलं होतं ते आठवत नाही.

रिकामी ओळ काढल्यावर चित्र स्वच्छ होतं. ४,३७२ ग्राहकांपैकी पहिल्या पाच जणांकडूनच सुमारे १२ टक्के रक्कम येते. वरच्या दोघांचे मिळून साडेपाच लाखांच्या जरा आत पौंड होतात. ८० टक्के गाठायला मात्र सुमारे चौथा हिस्सा ग्राहक लागतात. म्हणजे ८०-२० अगदी नेमकं बसत नाही, आणि बसावं असा आग्रहही धरू नये. वस्तूंकडे याच्या उलट आहे. केक स्टँड पहिला असूनही एकूण विक्रीत त्याचा वाटा दोन टक्केही नाही. एखादी वस्तू गेली तर या दुकानाला फारसा फरक पडत नाही. एखादा मोठा ग्राहक गेला तर पडतो.

हे देशांच्या यादीत फार ठळक दिसतं. ब्रिटननंतर दुसरा देश नेदरलँड्स, सुमारे २ लाख ८५ हजार पौंड. कुणालाही वाटेल की तिथे बाजार आहे, जाहिरात वाढवावी. पण त्यातले २ लाख ७९ हजार एकट्या एका ग्राहकाचे आहेत. तो बाजार नाही, ते एक खातं आहे. तेव्हापासून वरच्या गटातल्या प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने कायमचे जोडले: किती ग्राहकांनी घेतली आणि सर्वात मोठ्या ग्राहकाचा वाटा किती टक्के. पहिला आकडा पिव्हटमध्ये Distinct Count ने येतो, मात्र पिव्हट करतानाच Add this data to the Data Model वर टिक हवी, नाहीतर तो पर्याय दिसतच नाही. मोठ्या ग्राहकाचा वाटा अर्ध्याच्या वर असेल त्या वस्तूचा साठा मागच्या विक्रीवर भरत नाही, त्या ग्राहकाला फोन करून मग भरतो.

तारखांकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. ही फाइल एक वर्ष आणि नऊ दिवसांची आहे. डिसेंबरचे पहिले नऊ दिवस तिच्यात दोनदा येतात, तेही नाताळच्या खरेदीचे. कागदी साखळ्यांचा नाताळ संच 22086 यादीत इतका वर दिसतो त्याला हे दुहेरी दिवसही हातभार लावतात. खिडकी नेमकी बारा महिन्यांची ठेवा आणि दर महिन्याला एक महिना पुढे सरकवा. आपल्याकडे दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात येते, त्यामुळे बारा महिन्यांच्या खिडकीतही एखादे वेळी दोन दिवाळ्या सापडतात किंवा एकही सापडत नाही. त्या महिन्यात यादी हलली तर आधी पंचांग पाहावं.

दर महिन्याला चालवताना आणखी एक त्रास होतो. ७९.८ टक्क्यांवरची वस्तू पुढच्या महिन्यात ८०.३ वर जाते, ८० टक्क्यांच्या आतल्या ‘अ’ गटातून त्यापुढच्या ‘ब’ मध्ये पडते, आणि तिसऱ्या महिन्यात परत येते. प्रत्येक वेळी खरेदीचा नियम बदलला तर गोदामवाले वैतागतात, आणि ते बरोबरच आहे. आता नियम असा: सलग दोन महिने बाहेर राहिली तरच गट बदलायचा. फार नवीन माल, म्हणजे पहिल्या बिलाला तीन महिनेही न झालेला, गटातच घालायचा नाही. त्याची बारा महिन्यांच्या मालाशी तुलना होऊ शकत नाही.

शेवटच्या ‘क’ गटाबद्दल मात्र या पद्धतीवर फार भिस्त ठेवू नये. शेकडो वस्तू मिळून पाच-सात टक्के विक्री देतात असं दिसलं की त्या बंद करायचा मोह होतो. त्याआधी एक तपासणी करा: वरच्या वीस ग्राहकांची बिलं घ्या आणि त्यांतल्या किती बिलांत ‘क’ मधली निदान एक वस्तू आहे ते मोजा. घाऊक गिऱ्हाईक एकाच बिलात पन्नास-साठ प्रकार उचलतं, त्यातले दहा ‘क’ चे असतात, आणि ते दहा दुसरीकडे मिळतात म्हणून सगळं बिलच तिकडे जाऊ शकतं. पॅरेटो प्रत्येक वस्तू एकेकटी मोजतो, सोबत काय गेलं ते त्याला दिसत नाही. नफाही दिसत नाही. मोठ्या ग्राहकाला दिलेला घाऊक दर याच फाइलच्या UnitPrice मध्ये आहे, पण खरेदीची किंमत कुठल्याच रकान्यात नाही. ती जोडून हीच शीट मार्जिनवर परत चालवायची असेल तर आधी प्रत्येक कोडचा खरेदीदर मिळवावा लागतो. सध्या तो वरच्या दोनशे कोडांपुरताच भरला आहे, पुढचे कोड दर आठवड्याला थोडे थोडे भरणं चालू आहे.