पहिल्या एकटीच्या प्रवासाचा लेख: गोष्टीसारखा की प्रश्नांच्या मथळ्यांचा?

भुसावळच्या भाचीने जळगावहून एकटीने अजिंठा गाठलं, आणि आता लेख कसा रचावा यावर अडली आहे. मावशी म्हणून दोन्ही मसुदे मन लावून वाचले.

पहिला घडलं तसा लिहिलेला. फर्दापूरच्या फाट्यावर एसटीतून उतरताना मांडीवरचा कळण्याच्या भाकरीचा डबा तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. ते वाचून माझा गळा दाटला. पण शीर्षक ‘पंख फुटले तेव्हा’, आणि लोक शोधतात ‘जळगाव ते अजिंठा बस’. हे शब्दच लेखात नाहीत, मग तो सापडणार कसा?

दुसऱ्यात मथळेच प्रश्न: कसं जायचं, लेणी कधी बंद? सोमवारी बंद, फाट्यावरून पुढे लेण्यांपर्यंत वेगळी बस, ही उत्तरं चटकन मिळतात. मात्र ‘एकटीचा प्रवास’ वाक्यावाक्यात कोंबल्याने डब्याचा प्रसंग मेला, आणि असं कोंबणं गूगललाही चालत नाही. शिवाय बसच्या वेळा बदलल्या की हा लेख दुरुस्त करत राहावा लागतो. गोष्टीला ती कटकट नाही.

ओळखीच्यांसाठी, आठवण म्हणून लिहायचं तर पहिला. अनोळखी मुलीला उद्या निघायचं असेल तर दुसरा. भाचीला दोन्ही हवंय, म्हणून तिला सांगितलं: शीर्षक ‘जळगाव ते अजिंठा: माझा पहिला एकटीचा प्रवास’ ठेव, सुरुवात डब्यानेच कर, आणि बस-वेळांची माहिती शेवटी एकाच चौकटीत दे.