चित्राचं नाव घ्यावं की वर्णन करावं? फुटाळ्याचा फोटो मोनेच्या रंगांत

नागपूरच्या फुटाळा तलावावर सूर्य मावळताना काढलेला फोटो आहे. उजवीकडे कठड्याला टेकून आजोबा उभे आहेत, मागे पाणी आहे. या फोटोला फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्राची रंगसंगती आणि ब्रशचे फटकारे हवेत आणि हाताशी फक्त शब्द आहेत. फोटो एआयच्या इमेज टूलला दिल्यावर प्रॉम्प्ट दोन प्रकारे लिहिता येतो: चित्राचं नाव घेऊन, किंवा नाव न घेता रंग आणि फटकारे शब्दांत सांगून.

नावाचा प्रॉम्प्ट एका ओळीत होतो: ‘हा फोटो मोनेच्या इम्प्रेशन, सनराइजसारखा कर.’ हे चित्र १८७२ सालचं, ल हाव्र बंदराचं आणि जगप्रसिद्ध, त्यामुळे टूल ते ओळखतं. अडचण नेमकी इथेच येते. टूलच्या लेखी त्या नावात निळा-करडा रंग जेवढा आहे, तेवढ्याच पुढच्या छोट्या होड्या, मागच्या डोलकाठ्या आणि धुरकट बंदरही आहे. मग फुटाळ्यात होड्या उगवतात आणि पलीकडच्या काठावर बंदर येतं. ‘होड्या नकोत’ असं लिहिलं तरी होडी हा शब्द प्रॉम्प्टमध्ये गेलेलाच असतो आणि पुष्कळदा तो उलटाच परिणाम करतो.

चेहऱ्याचं नुकसान त्याहून मोठं असतं आणि त्याचं कारण मापात आहे. मूळ चित्र जेमतेम ६३ सेंमी रुंद आहे. टूलने १०२४ पिक्सेल रुंदीची प्रतिमा दिली, तर कॅनव्हासवरचा १ सेंमी म्हणजे साधारण १६ पिक्सेल. आजोबांचा चेहरा १०० पिक्सेल रुंद असेल, तर त्याच्या रुंदीत १ सेंमीचे जेमतेम सहा फटकारे मावतात. एवढ्यात डोळे, मिशी, चष्मा कुठून येणार? मोनेच्या होडीतली माणसं नुसते गडद ठिपके आहेत. टूल तेच माप आजोबांना लावतं.

वर्णनाच्या प्रॉम्प्टला वेळ लागतो, पण तिथे प्रत्येक भागाला वेगळं माप देता येतं. या फोटोसाठी तो असा लिहावा:

```
फोटोतली मांडणी, माणसाची ठेवण आणि चेहरा
जसाच्या तसा ठेव. आकाश व पाणी फिकट निळसर-करडं,
रंगाचा थर पातळ. पाण्यावर आडवे, तुटक, रुंद फटकारे.
केशरी रंग फक्त सूर्यात आणि त्याच्या प्रतिबिंबात.
सूर्य आकाशाइतकाच उजळ, भोवती प्रभा नाही.
चेहऱ्यावर बारीक फटकारे, त्वचेवर निळसर सावल्या.
```

यात ‘ऑइल पेंटिंग’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे. तो आला की टूल बहुधा सगळीकडे सारखाच जाड रंग थापतं आणि मोनेच्या आकाशातला पातळपणा जातो. केशरी कुठे, हेही सांगावंच लागतं. नुसतं ‘निळा आणि केशरी’ लिहिलं तर सिनेमाच्या पोस्टरसारखे भडक रंग येतात आणि केशरी कपड्यांवर, कातडीवर पसरतो. नागपूरकराच्या तोंडी ‘संत्र्यासारखा’ हा शब्द सहज येईल, पण तोही टाळावा. वस्तूच्या नावाने रंग सांगितला की कधीकधी कठड्यावर ती वस्तूच येऊन बसते.

सूर्याची ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मोनेचा सूर्य डोळ्यांत भरतो तो रंगामुळे. त्याचा उजळपणा जवळपास आजूबाजूच्या आकाशाइतकाच आहे, म्हणून चित्र कृष्णधवल केलं तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. फुटाळ्याच्या फोटोत मात्र सूर्य सहसा सगळ्यांत पांढरा भाग असतो आणि टूल तो उजेड तसाच ठेवू पाहतं. त्यामुळे तयार प्रतिमा फोनच्या एडिटरमध्ये उघडून सॅच्युरेशन शून्यावर न्यावं. सूर्य करड्यात विरला तर रंगसंगती साधली. पांढरा गोळा दिसत राहिला तर फोटोवर फक्त रंगीत पडदा चढलाय. मग सूर्याची ओळ प्रॉम्प्टच्या सुरुवातीला आणून पुन्हा करून बघावं.

फोटोत माणूस नसेल, नुसतं पाणी आणि आभाळ असेल, तर नावाचा प्रॉम्प्ट पुरतो. एखादी जास्तीची होडी कापून टाकता येते. ओळखीचा चेहरा असेल तर वर्णनच घ्यावं आणि त्यात चित्राचं नावही घालू नये, नाहीतर बंदर परत येतं. चित्राची प्रतिमा सोबत जोडायची सोय असेल तर रंग अधिक जवळ येतात, पण मांडणी कोणत्या प्रतिमेतून आणि रंग कोणत्या, हे स्पष्ट लिहावं लागतं.

दोन्ही प्रकारांत दुरुस्ती तयार प्रतिमेवर करत बसू नये. प्रत्येक फेरीत टूल चेहरा नव्याने रंगवतं आणि तीन-चार फेऱ्यांत आजोबांच्या जागी त्यांच्या वयाचा कुणी दुसराच गृहस्थ उभा असतो. शब्द बदलले की दर वेळी मूळ फोटोपासूनच सुरुवात करावी.