एनके पेशी कोणत्या रकान्यात? जन्मजात की अर्जित

सकाळी व्हायवा. मैत्रिणीने वहीत दोन रकाने आखले होते, डावीकडे जन्मजात प्रतिकारशक्ती, उजवीकडे अर्जित, आणि दोन्हींच्या डोक्यावर 'वेग'. नॅचरल किलर पेशीपाशी तिचं पेन थांबलं होतं.

"एनके पेशी लिम्फोसाइट आहे ना? मग उजवीकडे."

"लिम्फोसाइट आहे म्हणून ठरवू नकोस. तिचा रिसेप्टर, म्हणजे लक्ष्य ओळखणारा पेशीवरचा रेणू, कसा बनतो ते बघ. बी आणि टी पेशी जनुकांचे तुकडे कापून-जोडून आपापला वेगळा रिसेप्टर घडवतात. एनके पेशी जनुकांत आधीपासून असलेलेच रिसेप्टर वापरते. म्हणून डावीकडे."

"पण सर केस देतात. पायात खिळा घुसला, तर?"

"काही तासांत न्यूट्रोफिल जमतात, जंतू गिळतात. दहाव्यांदा खिळा लागला तरी जवळपास तेवढ्याच वेगाने. उजव्या बाजूला वेळ लागतो. डेंड्रिटिक पेशी जंतूचा अंश घेऊन लिम्फ नोडमध्ये जाणार, तिथे त्याला जुळणाऱ्या मोजक्या पेशी सापडणार, त्या वाढणार. पहिल्या खेपेला अँटिबॉडी दिसायला साधारण आठवडा जातो. दुसऱ्या खेपेला स्मृतिपेशी तयार असतात, म्हणून काम लवकर आणि जोरात होतं."

"धनुर्वातात न्यूट्रोफिल का पुरत नाहीत?"

"कारण घात विष करतं. हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत जंतू वाढतो आणि त्याचं विष मज्जातंतूंत शिरतं. गिळणारी पेशी जंतूला आवरेल, पण सुटलेलं विष निकामी करायला त्याच्याशीच जुळणारी अँटिबॉडी हवी, आणि तीही विष मज्जातंतूत शिरण्याआधी."

"म्हणजे एकदा धनुर्वात होऊन गेला की प्रतिकारशक्ती कायमची?"

"नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रोग घडवणारी विषाची मात्रा इतकी अल्प असते की तेवढ्यावर अर्जित बाजू नीट जागी होत नाही. म्हणून बऱ्या झालेल्या रुग्णालाही लस द्यावी लागते."

"आणि ज्याने लस कधीच घेतली नाही, त्याची जखम मातीने भरलेली असेल तर?"

"लस द्यायची, शिवाय वेगळ्या जागी टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे धनुर्वाताच्या विषाविरुद्धची तयार अँटिबॉडी, साधारण २५० युनिट."

"ते तर लगेच काम करतं. मग जन्मजात?"

"इथेच बरेचजण चुकतात. ती अर्जित बाजूचीच अँटिबॉडी, फक्त दुसऱ्या कुणाच्या शरीरात बनलेली. रुग्णाच्या पेशींनी काहीच शिकलेलं नसतं, म्हणून काही आठवड्यांत ती ओसरते आणि मागे स्मृती राहत नाही. लस सोबत का देतात, तर रुग्णाच्या स्वतःच्या पेशी तोवर तयार व्हाव्यात."

तिने दोन्ही रकान्यांच्या डोक्यावरचा 'वेग' खोडला आणि तिथे 'रिसेप्टर' लिहिलं. "आता कॉम्प्लिमेंट, ती जंतू मारायला मदत करणारी रक्तातली प्रथिनं?"

"डावीकडे. पण जंतूला चिकटलेली अँटिबॉडी त्याला कामाला लावते, तेव्हा मधल्या रेषेवरून एक बाण काढ."