नाडी अनियमित, पण त्रास काहीच नाही: रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी का, आणि कोणती?

समजा, ७२ वर्षांचे एक काका आहेत. वजन ५८ किलो, बीपी आणि मधुमेह दोन्ही गोळ्यांवर ताब्यात. घरच्या बीपीच्या यंत्रावर वारंवार अनियमित ठोक्यांची खूण दिसू लागली म्हणून ईसीजी काढला, तर निघालं एट्रियल फिब्रिलेशन. त्रास म्हणाल तर जिना चढताना कधीतरी थोडी धडधड, एवढंच. डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी लिहून दिली आणि घरात वाद सुरू झाला: काही होत नाहीये, तर आयुष्यभर गोळी कशाला?

यातला घोळ असा की धडधड आणि गुठळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिच्यात रक्त रेंगाळतं आणि गुठळी धरते. ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. काकांना धडधड जाणवते की नाही, याच्याशी त्या पिशवीला काही देणंघेणं नाही. म्हणून डॉक्टर त्रास मोजत नाहीत, धोका मोजतात. वय ६५ ते ७४ याचा एक गुण, बीपीचा एक, मधुमेहाचा एक. काकांचे झाले तीन. इतक्या गुणांना काहीच न घेतल्यास वर्षाला शंभरातल्या साधारण तिघांना पक्षाघात होतो. आकडा लहान वाटतो, पण तो दरवर्षी नव्याने लागू होतो आणि वयाबरोबर वाढतो.

पर्याय पहिला: फक्त ठोके आटोक्यात ठेवणारी गोळी, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल. धडधड थांबते, माणसाला बरं वाटतं, पण गुठळीचा धोका आहे तिथेच राहतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अफर्म’ या मोठ्या अभ्यासात ज्यांना पक्षाघात झाला, त्यांतल्या बहुतेकांनी रक्त पातळ करणारं औषध थांबवलेलं होतं किंवा त्याचा परिणाम अपुरा होता.

दुसरा: ॲस्पिरिन. स्वस्त, ओळखीची, ‘सौम्य’ समजली जाणारी. माझ्या मते हा सगळ्यांत फसवा पर्याय. २०११ च्या ‘अव्हेरोज’ चाचणीत, वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारं जुनं औषध देणं योग्य नव्हतं अशा रुग्णांमध्ये ॲस्पिरिन आणि एपिक्साबान हे नवं औषध यांची तुलना झाली. पक्षाघात किंवा शरीरात इतरत्र गुठळी अडकणं ॲस्पिरिनवर वर्षाला ३.७ टक्के, एपिक्साबानवर १.६ टक्के. आणि मोठा रक्तस्राव? १.२ विरुद्ध १.४, म्हणजे जवळपास सारखाच. मग सौम्य कुठे राहिली?

तिसरा: वॉरफॅरिन किंवा आपल्याकडे जास्त दिसणारं एसिनोकुमारॉल. पक्षाघात साधारण दोन तृतीयांशाने कमी होतात, गोळी स्वस्त. पण रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा तपासणीतला आकडा, आयएनआर, २ ते ३ च्या दरम्यान राहायला हवा. खाली गेला तर संरक्षण नाही, फार वर गेला तर रक्तस्राव. म्हणजे नेमाने रक्ततपासणी आली. पालेभाज्या बंद करायची गरज नाही, फक्त आज पोतंभर आणि उद्या शून्य असं नको.

चौथा: एपिक्साबानसारखी नवी औषधं. आयएनआर नाही, भाजीची चिंता नाही आणि मेंदूतला रक्तस्राव वॉरफॅरिनपेक्षा कमी. खर्च जास्त, मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून लागते. शिवाय परिणाम एका दिवसातच ओसरतो, त्यामुळे पैशांअभावी दिवसाआड घेणार असाल तर ही निवड वाईट. त्यापेक्षा एसिनोकुमारॉल नेमाने घेतलेलं बरं.

एक अपवाद मात्र आधी तपासावा, त्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. लहानपणीच्या संधिवाताच्या तापामुळे हृदयाची मायट्रल झडप बऱ्यापैकी अरुंद झाली असेल, किंवा झडप धातूची असेल, तर नवी औषधं चालत नाहीत. तिथे गुण मोजत बसायचं नाही, वॉरफॅरिन गटच.

काकांची झडप ठीक, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.१, रक्तस्रावाचा इतिहास नाही. माझं मत एपिक्साबानकडे, ५ मिलिग्रॅम दोन वेळा. इथे घरचे हमखास म्हणतात, ‘वय झालंय, अर्धी द्या.’ अर्धा डोस तेव्हाच, जेव्हा या तीनपैकी दोन गोष्टी असतील: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. काकांकडे फक्त वजनाची आहे, म्हणून पूर्ण डोस. रक्तस्रावाची काळजी असेल तर ती दुसरीकडे घ्यावी: बीपी ताब्यात ठेवणं आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक बंद करणं. शौच डांबरासारखं काळं झालं, किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच दवाखाना गाठावा. आणि दात काढायचा असेल, तर गोळी किती वेळ थांबवायची की थांबवायचीच नाही, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.