‘जाते’ की ‘येते’: मराठी पटकथा इंग्रजीत कोणी न्यावी?

माझ्या पटकथेच्या शेवटाकडे एक छोटा प्रसंग आहे. सतरा वर्षांचा संसार सोडून सुमन घराबाहेर पडते आहे. सासू, म्हणजे पटकथेतली आजी, पडवीत पावटे सोलत बसली आहे. सुमन उंबऱ्यापाशी थांबते आणि म्हणते, “जाते मी.” सासूचे हात थांबतात. बाकी संवाद नाही.

मराठी माणसाला यात काही समजावून सांगावं लागत नाही. घरातून निघताना आपण ‘येते’ म्हणतो. ‘जाते’ म्हणणं अशुभ, लहानपणी त्यासाठी प्रत्येकाने ओरडा खाल्लेला असतो. त्यामुळे ते एक क्रियापद ऐकलं की सुमन परत येणार नाही हे कळतं, आणि सासूलाही ते कळलंय हे कळतं. ही पटकथा परदेशातल्या एका स्पर्धेला पाठवायची ठरली तेव्हा हाच प्रसंग मी कसोटीला घेतला. एकाच पटकथेची पहिली पंचवीस-तीस पानं आणि हा प्रसंग तीन वाटांनी इंग्रजीत नेऊन पाहिला: स्वतः भाषांतर, अनुभवी अनुवादकाकडून भाषांतर, आणि मराठी न येणाऱ्या इंग्रजी नाटककाराबरोबर बसून केलेलं भाषांतर. तुम्हीही याच निवडीपाशी अडला असाल, तर तिन्हींत काय हाती लागलं आणि काय निसटलं ते सांगते.

खालचे तुकडे फाउंटन पद्धतीने, म्हणजे साध्या मजकुरात लिहिले आहेत. बरीच पटकथा-सॉफ्टवेअर ते वाचतात. माझा पहिला खर्डा असा होता:

```
SUMAN
I'm going.

Aaji's hands stop.
```

मला तो उत्तम वाटला, कारण वाचताना मला खालचं मराठी ऐकू येत होतं. स्वतः भाषांतर करण्यातला खरा धोका हा आहे. इंग्रजी कच्चं असेल तर ते कोणीही दुरुस्त करून देईल. पण कागदावर नसलेलं आपल्याला दिसत राहतं, आणि परक्या वाचकाला फक्त कागद दिसतो. त्याच्या दृष्टीने एक बाई ‘निघते’ म्हणाली आणि म्हातारीने उगाच काम थांबवलं.

अनुवादकाने हे नेमकं ओळखलं. त्यांची आवृत्ती:

```
SUMAN
I won't be coming back.

Aaji's hands stop.
```

अर्थ शंभर टक्के पोचला, प्रसंग मात्र मेला. सुमन संपूर्ण पटकथेत एकदाही मनातलं उघड बोलत नाही, आणि इथे ती जाहीर करून मोकळी होते. शिवाय हे ऐकून हात आता कोणाचेही थांबले असते. अनुवादकाला दोष देता येणार नाही. कथा-कादंबरीत ते वाक्याच्या आसपास अर्धी ओळ घालून हे सांभाळू शकले असते. पटकथेत निवेदकच नसतो, तळटीप चालत नाही, आणि पडद्यावर जे दिसत-ऐकू येत नाही ते क्रियावर्णनात लिहिणं चूकच मानतात.

तिसऱ्या वाटेवर नाटककार मैत्रिणीने एकच प्रश्न विचारला: “हात का थांबले?” मी दहा मिनिटं येते-जाते समजावत बसले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हे तू मला सांगितलंस, ते सिनेमात कुठे आहे?” मग आम्ही पटकथेच्या सुरुवातीला, नातू शाळेला निघतो तिथे, चार ओळी घातल्या:

```
BALU
I'm going.

AAJI
Not "I'm going." Say "I'll come back."

BALU
It's only school.

AAJI
Say it.
```

सत्तरेक पानांनंतर सुमनच्या तोंडी माझ्या पहिल्या खर्ड्यातलीच ओळ जशीच्या तशी राहिली, आणि आता ती लागते. मराठी पटकथेत या चार ओळी मी घातल्या नाहीत. आपल्या प्रेक्षकाला त्या शिकवणीसारख्या वाटल्या असत्या.

म्हणून माझं मत असं झालं: पटकथेतल्या बोलीचं नुकसान बरेचदा त्या ओळीत भरून निघत नाही, ते दुसऱ्या कुठल्या तरी पानावर भरावं लागतं. तेव्हा निवड करताना ‘इंग्रजी कोणाचं चांगलं’ याआधी ‘पटकथेच्या रचनेला हात लावायची मुभा कोणाला’ हे बघा. प्रामाणिक अनुवादक परवानगीशिवाय प्रसंग वाढवणार नाही, आणि वाढवूही नये. त्यांच्याकडे काम देणार असाल तर सुरुवातीलाच लेखी सांगा की जिथे ओळ इंग्रजीत जात नाही असं वाटेल तिथे खूण करून ठेवा, तोडगा आपण मिळून काढू. मी हे सांगितलं नव्हतं, ती चूक माझी.

‘अहो’चं प्रकरण जवळपास उलटं झालं. सुमन नवऱ्याला नावाने हाक मारत नाही. ‘अहो’, ‘ऐकलंत का’, एवढंच. एकदाच, भांडणात, ती “दत्ता!” म्हणते आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येते. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे ही उडी हरवणार असं मी धरून चालले होते. पण नुसतं नावही पुरेसं असतं, जर ते तोपर्यंत तिच्या तोंडून एकदाही आलं नसेल तर. अनुवादकाने ‘अहो’च्या जागी इंग्रजीला सहज वाटावं म्हणून तीन ठिकाणी ‘दत्ता’ घातलं होतं, आणि भांडणातल्या हाकेची धार तिथेच गेली. इथे माझा स्वतःचा खर्डा सरस ठरला, कारण ते नाव का राखून ठेवलंय हे मला माहीत होतं. मैत्रिणीलाही ते आपसूक दिसलं नसतं, मी सांगितलं म्हणून दिसलं. कोणालाही पटकथा देण्यापूर्वी पानभर टिपण द्या: कोण कोणाला काय म्हणतं, ते कुठे बदलतं, कोणता शब्द मुद्दाम टाळलाय.

म्हणी आणि वाक्प्रचारांत अनुवादक आमच्या दोघींच्या पुष्कळ पुढे होते. मी ‘नाचता येईना अंगण वाकडं’च्या जागी हत्यारांना दोष देणाऱ्या कारागिराची इंग्रजी म्हण टाकली होती. त्यांनी ती काढली. अंगण गेलं की घर गेलं, असं ते म्हणाले, आणि ‘नाचता येत नाही, म्हणून अंगण वाकडं’ हे सरळ इंग्रजीत ठेवलं. चित्र स्वतःच बोलतं, म्हण माहीत असायची गरज नाही. उलट ‘पाण्यात पाहणं’ किंवा ‘हातावर तुरी देणं’ शब्दशः नेलं तर वाचक बुचकळ्यात पडतो, तिथे त्यांनी नुसता अर्थ घेतला. चित्र परक्यालाही दिसतं का, एवढंच ते विचारत. ‘बांध कोरणं’ मधलं होतं. तात्या म्हणतात, “बारा वर्षं बांध कोरतोय तो आमचा.” शेजाऱ्याने दर नांगरटीला आपला बांध थोडा थोडा आत घेणं परक्याला ठाऊक नाही, पण एका छोट्या वाक्याच्या मदतीने ते दिसू शकतं:

```
TATYA
Twelve years he's been shaving our
boundary. A furrow a year.
```

दुसरं वाक्य मूळ मराठीत नाही, तरी ते तात्यांचंच वाटतं. त्याचा ठोकाही मराठीसारखा पडतो. आपल्या वाक्याचं वजन शेवटच्या क्रियापदावर असतं, इंग्रजीत ती जागा बहुधा नामाकडे जाते. म्हणून ओळीचा शेवटचा शब्द कोणता हे पाहत गेलं तर लय बरीच सांभाळता येते. ‘चहाबिहा’, ‘की’, ‘ना’ हे मात्र सोडून द्यावं लागलं. त्यांच्या जागी इंग्रजी लकबी पेरल्या की माणसं सातारच्या गावातली न राहता कुठलीच राहत नाहीत.

लांबीकडेही लक्ष ठेवा. आंतरराष्ट्रीय पद्धतीत कुरिअर १२ हा टंक असतो, त्यात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते आणि एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशोब धरतात. संवादाची पट्टी साडेतीन इंचांची, म्हणजे ओळीत ३५च्या आसपास अक्षरं. देवनागरी टंकांना हा हिशोब लागू होत नाही, त्यामुळे तुमची मराठी पानं किती याला अर्थ नाही. अनुवादकाचे संवाद माझ्यापेक्षा लांब होते. मराठीत एका ओळीत मावणारं इंग्रजीत तीन ओळी घेऊ लागलं की लय तुटली समजा. ते कानाआधी डोळ्यांना दिसतं.

तिन्ही आवृत्त्या मी मराठी न येणाऱ्या दोन नटांकडून मोठ्याने वाचून घेतल्या. ‘कशी वाटली’ असं विचारलं नाही. सुमन आणि आजी यांच्यात वरचढ कोण, नवऱ्याशी तिचं कुठे तुटलं, एवढंच विचारलं. माझ्या आवृत्तीत त्यांना तुटल्याची जागा सापडली, पण उंबऱ्यावरचा प्रसंग कळला नाही. अनुवादकाच्या आवृत्तीत सगळं कळलं, पण सुमन त्यांना ‘ठाम, बोलकी’ वाटली. मिळून केलेल्या आवृत्तीत “आय ऍम गोइंग” वाचताना वाचणारा नटच थांबला.

अर्थात या तिसऱ्या वाटेला वेळ लागतो. पंचवीस पानांना आमचे सहा शनिवार गेले, आणि दर वेळी मला आधी शब्दशः कच्चा खर्डा करून न्यावा लागला. पैसे कमी लागतील असंही नाही, आणि हक्कांचा गुंता वाढतो. भाषांतर करण्याचा किंवा करू देण्याचा हक्क १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ लेखकाकडे असतो, पण झालेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचाही हक्क उभा राहतो. जोडीदार ओळी सुचवू लागला की तो सहलेखक आहे का, हा प्रश्न येतो. पहिल्या शनिवारच्या आधीच कागद करून घ्या. पटकथा आणि संवाद वेगवेगळ्या माणसांनी लिहिले असतील, तर दोघांची संमती लागेल.

स्पर्धेचे नियम सगळ्यात आधी वाचा. काही स्पर्धांना मुळात इंग्रजीत लिहिलेलीच पटकथा लागते, तिथे या तिन्ही वाटा बंद. जिथे भाषांतर चालतं तिथे अनुवादकाचं नाव कुठे द्यायचं हे पाहा. पुष्कळ ठिकाणी पानांवर कोणाचंच नाव चालत नाही, ते अर्जातच भरायचं असतं.

तुमच्या पटकथेत माणसं भरपूर आणि मोकळं बोलत असतील, म्हणींची रेलचेल असेल, तर मी चांगल्या अनुवादकाकडे जाईन आणि मानधनाबरोबर खुणा करण्याची मुभाही देईन. कथा न बोललेल्यावर उभी असेल आणि हातात पाच-सहा महिने असतील, तर जोडीने बसा. मुदत तीन आठवड्यांवर आली असेल, तर स्वतःच करा, पण मराठी न येणाऱ्या एकाला समोर बसवून वाचून घ्या आणि जिथे जिथे तो ‘का?’ विचारेल तिथे उत्तर तोंडी देऊ नका. पेन्सिलीने समासात खूण करा, आणि रात्री सुरुवातीच्या पानांपासून पुन्हा बघायला लागा.