एकेरी नोंदींवरून नफा: नुसती भांडवलातली वाढ मोजायची की पूर्ण अंतिम हिशेब बांधायचे?

दोन्ही वाटांची सुरुवात एकच. वर्षारंभीचे स्थितिदर्शक विवरण करायचे, म्हणजे त्या दिवशीच्या मालमत्तेतून देणी वजा करून भांडवल काढायचे. समजा रोख २०,०००, माल ६०,०००, ऋणको ५०,०००, फर्निचर ४०,००० आणि धनको ३०,०००. भांडवल झाले १,४०,०००.

पहिल्या वाटेत वर्षअखेरचेही असेच विवरण करतात. रोख ६४,०००, माल ५५,०००, ऋणको ६५,०००, घसारा वजा जाता फर्निचर ३६,०००, धनको ४२,०००. म्हणून भांडवल १,७८,०००. वर्षात मालकाने ३६,००० उचल केली होती, नवे भांडवल घातले नव्हते. तेव्हा भांडवलातली वाढ ३८,००० आणि उचल ३६,००० मिळून नफा ७४,०००. काम अर्ध्या तासाचे, पण हा नफा आला कुठून, हे त्यातून मुळीच कळत नाही.

दुसऱ्या वाटेत हरवलेले आकडे शोधावे लागतात. ऋणकोंकडून ३,००,००० वसूल झाले. त्यात अखेरची बाकी मिळवून आरंभीची वजा केली की उधार विक्री निघते ३,१५,०००. रोख विक्री ४०,००० धरून एकूण ३,५५,०००. धनकोंना २,१०,००० दिले, त्यावरून तशाच रीतीने खरेदी २,२२,०००. व्यापार खात्यात ढोबळ नफा १,२८,००० येतो. ५०,००० खर्च आणि ४,००० घसारा गेला की पुन्हा ७४,०००च उरतात.

हा मेळ पाहून निर्धास्त होऊ नये. दोन्हीकडे बाक्या त्याच असल्याने अखेरचे ऋणको १०,००० जास्त धरले, तर दोन्ही नफे तितकेच फुगतात. मात्र ढोबळ नफ्याचे विक्रीशी प्रमाण, इथे सुमारे ३६ टक्के, मागल्या वर्षांशी ताडून पाहता येते आणि संशय तिथेच येतो. बुडीत कर्ज, सूट किंवा विक्री परत ऋणको खात्यात घ्यायची राहिली, तर विक्री तेवढी कमी निघते.

माझ्या मते खरा फरक उचलीत दिसतो. मालकाने ३६,०००ऐवजी २४,०००च सांगितली, तर पहिल्या वाटेत नफा गुपचूप ६२,००० होतो. दुसरीत रोकड खाते शिल्लक ७६,००० दाखवते आणि गल्ल्यात निघतात ६४,०००. ते १२,००० उचल होती, खर्च होता की खरेदीचे पैसे, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

म्हणून जमा-खर्चाची रोकड वही किंवा बँकेचा उतारा हाताशी असेल, तर मी दुसरी वाटच धरायला सांगेन, विशेषतः कर्ज मागताना किंवा नवा भागीदार घेताना. वसुलीची आणि दिलेल्या रकमांची नोंदच नसेल, तर विक्री-खरेदी काढायला आधार उरत नाही. तिथे पहिली वाट घ्यावी आणि आलेल्या नफ्याला अंदाज म्हणावे.