होलसेल दुकानदारासमोर बोलायची स्क्रिप्ट: भडंग विकताना आठ महिने वापरल्यावर

आमचा सांगलीजवळ भडंगाचा छोटा कारखाना आहे. 10 रुपयांचं पाकीट, 12 पाकिटांची लडी, 10 लड्यांचा बॉक्स. सुरुवातीला मी स्वतःच किराणा दुकानांत फिरायचे. होलसेलमध्ये उतरायचं ठरवलं तेव्हा माझ्या मावसभावाने एक पानभर स्क्रिप्ट लिहून दिली. त्याने फरसाणाच्या लाइनमध्ये बरीच वर्षं सेल्समनगिरी केली आहे. ओळख, मार्जिन, टिकण्याची मुदत, ऑर्डर असे तिचे चार भाग होते. सांगली, इस्लामपूर, कराड आणि चिपळूण इथल्या दुकानांत ती आठ महिने वापरली. आज त्या पानातलं निम्मं तरी बदललेलं आहे. कुठे आणि का, ते लिहिते.

सगळ्यात आधी मार्जिनची ओळ बदलावी लागली. मूळ वाक्य होतं: "शेठ, या मालात 26 टक्के मार्जिन आहे." हिशोब खोटा नव्हता. लडीची छापील किंमत 120 रुपये आणि आम्ही होलसेलला करासह 88 ला देतो, म्हणजे मधे 32 रुपये राहतात. पण पहिल्याच आठवड्यात एका शेठनी विचारलं, "ताई, यातलं माझं किती आणि किराणावाल्याचं किती?" मला पटकन सांगता आलं नाही आणि बोलणं तिथेच संपलं. होलसेलवाला टक्क्यांत विचार करत नाही. लडीमागे हातात किती पडतं, एवढंच तो बघतो. आता मी सरळ सांगते: "तुम्हाला 88 ला, तुम्ही 93 ला द्या. लडीला 5 रुपये तुमचे, 27 दुकानदाराचे." दुकानदाराचा आकडा सांगायचाच, कारण त्याला 27 सुटत असतील तरच तो लडी पुढे टांगतो आणि होलसेलवाल्याला हे पक्कं माहीत असतं.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "दुसरा लडीला 8 देतोय, तुमचे 5 का घेऊ?" मूळ स्क्रिप्टमध्ये याचं उत्तर 'क्वालिटी' असं होतं. ते उत्तर कुणालाच पटलं नाही. मी आता विचारते, त्या मालाचा एक बॉक्स किती दिवसांत संपतो? महिना लागतो असं उत्तर आलं, तर एका बॉक्सच्या पैशावर महिन्याला 80 रुपये सुटतात. आमचा बॉक्स 10 दिवसांत उठला तर तेवढेच पैसे तीनदा फिरतात आणि 150 होतात. मात्र हे नवीन दुकानात बोलायचं नाही. तिथे आपला माल 10 दिवसांत उठेलच याचा पुरावा आपल्याकडे नसतो. त्याच बाजारपेठेत दोन-तीन ठिकाणी माल फिरता झाल्यावरच मी हा हिशोब मांडते.

आता मुदतीबद्दल. भावाने मार्जिन आणि मुदत हे दोन वेगळे मुद्दे म्हणून लिहिले होते. होलसेलवाल्याच्या डोक्यात ते एकच असतात, हे मला कराडच्या एका दुकानात कळलं. मी म्हटलं, "120 दिवस टिकतं." शेठनी गल्ल्यावरच्या वहीच्या कोपऱ्यात 88 भागिले 5 केलं. उत्तर साडेसतरा आलं. म्हणाले, "एक लडी सादळून परत आली की अठरा लड्यांची कमाई गेली. बॉक्सला मला 50 सुटतात, म्हणजे जवळपास दोन बॉक्स फुकट विकले. आता बोला." तेव्हापासून हाच हिशोब मी आपणहून मांडते आणि मुदतीचं बोलणं तिथूनच सुरू करते.

शिवाय '120 दिवस' या आकड्याला त्याच्या लेखी किंमत नाही. आज माल उतरवला तर किती दिवस उरलेत, ते त्याला हवं असतं. आमच्याकडे पॅकिंग आणि गाडीत आठवडा जातो, त्याच्या गोदामात दोन-तीन आठवडे, किराणावाल्याकडे महिना. आणि तारखेला दीडेक महिनाच उरला असेल तर किराणावाला लडी हातात घेत नाही. म्हणून मी बॅच दाखवून बोलते: "हा माल 6 दिवसांचा आहे, तुमच्या हातात 114 दिवस." दोन आठवड्यांपेक्षा जुनी बॅच मी नव्या दुकानाला पाठवतच नाही.

स्क्रिप्टमधला सगळ्यात उपयोगी भाग माझ्या नवऱ्याने घातला. पिशवीत दोन पाकिटं ठेवायची, एक या आठवड्यातलं आणि एक अडीच-तीन महिन्यांपूर्वीचं. आधी जुनं फोडायचं, चुरमुरा शेठच्या हातावर द्यायचा आणि तारीख नंतर दाखवायची. भडंग दोन प्रकारे बिघडतं. हवेतला ओलावा लागला की चुरमुरा सादळतो, आणि तेल-शेंगदाणे जुने झाले की खवट वास येतो. हे दोन्ही जिभेला लगेच कळतं, बोलून पटवावं लागत नाही. जुनं पाकीट फोडायची हिंमत होत नसेल, तर मुदत कमी छापावी.

ही हिंमत आमचीही एकदा गेली होती. जुलैमध्ये इस्लामपूरहून 14 लड्या परत आल्या. पाकिटं हाताला पोचट लागत होती, फुगवटा बसलेला. बादलीत बुडवून दाबली तर वरच्या शिवणीतून बुडबुडे आले. लसणाचा चुरा आणि मसाला सीलच्या पट्टीत अडकत होता, त्यामुळे सील दिसायला नीट पण आतून सुटलेलं. आत नायट्रोजन भरलेला होता, पण सीलच गळत असेल तर तो राहणार कुठे? आता दर तासाला मशीनवरची पाच पाकिटं पाण्यात दाबून बघतो आणि मशीनचे सील दाबणारे जबडे पुसतो. प्रत्येक बॅचची 10 पाकिटं ठेवून दर पंधरा दिवसांनी एक फोडतो. इस्लामपूरच्या शेठना मी झालेलं जसंच्या तसं सांगितलं आणि 14 लड्या बदलून दिल्या. ते अजून माल घेतात.

याच प्रसंगाने परतीची ओळही बदलली. आधी मी म्हणायचे, "तारीख गेलेला माल परत घेऊ." त्याने दोन दुकानांत आमचा बॉक्स मागे ढकलला गेला आणि नवा माल पुढे विकला गेला, कारण मागच्याची काळजी कुणालाच नव्हती. आता बोलणं असं असतं: "45 दिवस उरले की फोन करा, मी तो माल उचलून चालत्या दुकानात फिरवेन. तारीख गेल्यावर मात्र निम्मं नुकसान तुमचं." सील सुटलेलं पाकीट कधीही बदलून मिळेल, हे वेगळं सांगते. हे ऐकून एकाने नकार दिला. बाकीच्यांकडून परतीचा माल खूप कमी झाला.

शेवटचा "पाच बॉक्स पाठवू की दहा?" हा प्रश्न मी काढून टाकला. कुणी भिडेखातर दहा घेतले तर तोच माल गोदामात जुना होतो. पहिल्यांदा दोनच देते आणि दहाव्या दिवशी स्वतः जाऊन उरलेल्या लड्या मोजते. जायची वेळ दुपारी दोन ते चार. सकाळी किराणावाल्यांची गर्दी असते, तेव्हा पाकीट फोडून दाखवायला जागाही मिळत नाही.

उधारीबद्दल स्क्रिप्टमध्ये एक ओळही नाही आणि तिथे मी अजून चाचपडते आहे. पहिले दोन फेरे रोख, मग सात दिवस, एवढंच ठरवलंय. महिन्याची उधारी मागणाऱ्या मोठ्या दुकानात हे चालत नाही, तिथून मी परत येते.

आणि चिपळूणला हे सगळं वेगळं. छापील मुदत तीच, पण पावसाळ्यात तिथल्या दुकानांत दमट हवा आत शिरलेलीच असते. किराणावाल्याने लडीतली पाकिटं सुटी करून बरणीत टाकली, घासून सील सैल झालं की चुरमुरा लवकर मऊ पडतो. तिथे मी 120 हा आकडा तोंडातून काढत नाही. "पावसात 60 दिवसांत संपेल एवढाच घ्या," म्हणते आणि बॉक्सऐवजी पाच लड्यांचं पुडकं देते. लडीला 5 रुपये तेच ठेवले आहेत, गाडीभाड्याचा वाढीव खर्च सध्या आम्ही सोसतो.